अर्जावर सरांनी लिहिलं, ‘कुठे?’

“मॅडम, समुद्र तुमच्या गावापासून पाच-सहाशे किलोमीटर. तुम्ही किनारा सफाई अन् सागर जागृतीचा क्लब काढायचा अर्ज दिलाच कसा? आणि मुख्याध्यापकांनी मंजूर तरी काय म्हणून केला?” असं तुमच्यातले काही जण मला विचारतात.

पहिला अर्ज मंजूर झाला नव्हता. आधी तेच सांगते, कारण दुसरा त्यातूनच निघाला.

मी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. पहिल्या अर्जात मी सागरी परिसंस्था, जैवविविधता, भावी पिढी असे सगळे जड शब्द ओतले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा सफाई होते, तेव्हा आपणही करू, असंही लिहिलं होतं. हा उपक्रम 1986 साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की ते लोक कचरा नुसता उचलत नाहीत, उचललेला प्रत्येक तुकडा कागदावर मांडतात.

आमच्या मुख्याध्यापक सरांनी अर्ज वाचला, समासात लाल पेनाने एकच शब्द लिहिला, “कुठे?” आणि कागद परत दिला. वर म्हणाले, “अन् सप्टेंबरात पोरं नाल्यात उतरवता का जी? तवा नाला दोन्ही थड्या भरून राह्यते.” ते बरोबर होतं. जगाची तारीख आमच्या नाल्याला चालत नाही. पोळ्याच्या आगेमागे आमचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, दोन-चारदा तरी पाण्याखाली जातो, आणि मी मात्र पोरांच्या हाती पोती देऊन त्यांना काठावर न्यायला निघाले होते.

त्या “कुठे?”चं उत्तर शोधायला मी एका रविवारी वर्गातला भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर पसरला आणि शिलाईचा लाल दोरा नदीच्या रेघेवरून ठेवत गेले. शाळेमागचा नाला वणेला मिळतो, वणा वर्धेला. वर्धेला पुढे पैनगंगा येऊन मिळते. गडचिरोलीत चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होतात, तिथून नाव प्राणहिता. सिरोंच्याच्या खाली प्राणहिता गोदावरीत शिरते. मग भद्राचलम, राजमहेंद्री, धवळेश्वरमचा बंधारा, त्याखाली गौतमी आणि वसिष्ठा असे फाटे, आणि बंगालचा उपसागर. समुद्र म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना मुंबईच आठवते. दोरा मात्र पार उलट्या बाजूला, आंध्रात जाऊन संपला.

हा अर्ज कुणाला उतरवून घ्यायचा असेल तर आधी आपला दोरा ठेवून बघा. अकोला, बुलढाण्याकडच्या पूर्णेचं पाणी तापीला मिळून सुरतेकडे, अरबी समुद्रात जातं. गंमत म्हणजे तापी आणि वर्धा दोघीही मुलताईच्याच परिसरात उगम पावतात आणि तिथूनच एकमेकींकडे पाठ फिरवतात.

दोरा पाहून सर “हं” म्हणाले. पण दोऱ्याने नाला कुठे जातो तेवढं कळतं, नाल्यात काय आहे ते कळत नाही. म्हणून फेब्रुवारीत, नाला कोरडा पडल्यावर, मी आठवीतली चार पोरं घेऊन रपट्यापासून वरच्या बाजूला 100 मीटर मोजले. मोजायला पन्नास मीटरचा टेप होता, खेळाच्या शिक्षकांचा. दोन्ही टोकांना दगडावर चुना लावला, म्हणजे पुढच्या वेळीही तोच तुकडा सापडावा. जागा बदलली की आकड्यांची तुलनाच संपते. नियम एकच ठेवला: बोटाच्या दोन पेरांएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा मोजायचा, लहान सोडायचा. नाहीतर एका फाटक्या पिशवीचे चाळीस तुकडे होतात आणि पोरं आपसात भांडत बसतात.

एकूण 412 तुकडे निघाले. त्यात 187 खर्र्याच्या पन्न्या.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या चौकोनी पन्नीत घालून पाटीवर घोटतात, तो खर्रा. घोटून घोटून पन्नी इतकी विरते की वाळली तरी अंगाला चिकटते. नाल्यातल्या सगळ्यात जास्त पन्न्या रपट्याच्या कठड्याखालच्या पहिल्या वीस मीटरमध्ये होत्या. संध्याकाळी कठड्यावर कोण बसतं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण असं मोजून कुणी दाखवलं नव्हतं. मी आकडा वाचला तेव्हा सरांनी टेबलाचा उघडा खण हळूच आत ढकलला. मी खालीच पाहत राहिले.

बाकी चिप्स-बिस्किटांची वेष्टनं 96, पाण्याचे पाऊच आणि बाटल्या 34, थर्माकोल, चपला, चिंध्या वगैरे 65, आणि दारूच्या काचेच्या शिश्या 21. आमचा जिल्हा दारूबंदीचा. “हा आकडा वर पाठवू नका बाप्पा,” सर म्हणाले. शेवटचे 9 होते कीटकनाशकाचे रिकामे डबे.

माझ्या दृष्टीने अख्ख्या अर्जात महत्त्वाचा परिच्छेद या नवांचाच होता. कपाशीचा पट्टा आहे. फवारणी झाली की डबा बांधावरून नाल्यात जातो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते इथे कुणी विसरलेलं नाही. या डब्यांच्या लेबलवर उभ्या चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि शेवटी हिरवा. नाल्यात पडलेल्या डब्याचं लेबल बहुतेक वेळा उडालेलं असतं, म्हणून आमच्यासाठी प्रत्येक डबा लालच. अर्जात मी असं लिहिलं: “विद्यार्थी कीटकनाशकाचा डबा, काच, सुई उचलणार नाहीत. दिसल्यास हात वर करतील. शिक्षक त्याभोवती चुन्याचे वर्तुळ काढतील, नोंद होईल, वस्तू जागेवर राहील.” नंतर ते डबे उचलायची जबाबदारी ग्रामपंचायतीची, तिला वेगळं पत्र.

सरांची परवानगी अडली होती ती इथेच, समुद्राच्या अंतरावर नव्हे. पोराला काही झालं तर पालक शाळेत येणार, आणि ते आधी सरांच्याच टेबलापाशी येणार. म्हणून वेळापत्रकही त्यांना हवं तसं केलं. वर्षातून दोनच फेऱ्या: दिवाळीनंतर पाणी उतरल्यावर एक, आणि मार्चमध्ये सकाळच्या शाळेच्या दिवसांत दुसरी. मार्चची जास्त कामाची, कारण जूनचा पहिला लोंढा उन्हाळाभर साचलेलं सगळं एकदम उचलतो. सप्टेंबरचा तो शनिवार आम्ही वर्गातच साजरा करतो. रबरी हातमोजे बाभळीच्या काट्याने पहिल्याच दिवशी फाटले, तेव्हापासून बांबूच्या कामट्यांचे चिमटे. पालापाचोळ्याखाली आधी काठी, मग चिमटा, कारण तिथे घोणस असू शकते. ज्याच्या पायात बूट नाहीत तो लिहायचं काम करतो. आणि हे काम हलकं समजायचं नाही, कारण लिहिणारा चुकला की सगळी फेरी वाया जाते.

माझीही चूक झाली. पहिल्या वेळी मी पोती ताणकाट्याला लावून अर्जात 11 किलो लिहिलं होतं. सरांनी शिपाईभाऊंना पोती उन्हात ओतायला सांगितली. दोन दिवसांनी झटकून पुन्हा तोललं तर जेमतेम 4 किलो. बाकी सगळा गाळ. तेव्हापासून आम्ही वजन लिहीत नाही, नग लिहितो.

सरांचा शेवटचा प्रश्न खरा अवघड होता. “वाटेत एवढे बंधारे आहेत. तुमची पन्नी तिथंच अडकत नसंल का?” अडकते. बरीच अडकते, आणि अर्जात मी तसंच लिहिलं. काही रेतीत पुरली जाते, काही बाभळीवर लटकते. नोव्हेंबरच्या फेरीत रपट्याजवळच्या बाभळीवर पन्न्यांची एक सरळ रेघ होती. टेप लावला तर जमिनीपासून सहा फूट. पूर कुठवर आला होता ते सांगायला वेगळी पट्टी लागली नाही. पण दारं उघडली की तरंगणारं पुढे सरकतं, आणि काय तरंगतं हे बादलीत दिसतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि त्याच बाटलीचा कापलेला तुकडा एकाच बादलीत टाका. झाकण वर राहतं, तुकडा तळाशी जातो, कारण दोघांचं प्लास्टिक वेगळं आहे. पण झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेवर मजेत पुढे जाते. ‘आपल्या नाल्यातलं सगळं समुद्रात जातं’ असं म्हणायची मी पोरांना बंदी केली आहे. ‘जाऊ शकतं’ म्हणा.

सागर जागृतीचा भाग म्हणाल तर तोही याच बादलीचा. वर्गात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. किराणा दुकानातल्या काट्यावर 35 ग्रॅम मीठ तोलून आणलं आणि लिटरभर पाण्यात ढवळलं. समुद्राचं पाणी साधारण एवढंच खारट. सगळ्यांनी बोट बुडवून चाखलं, निम्म्यांनी खिडकीतून थुंकलं. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे त तिकडच्या माशायलेच जमते.”

नावाचं मात्र शेवटपर्यंत ताणलं. सर म्हणत होते नाला सफाई मंडळ म्हणा, निदान तपासणीला आलेले हसणार नाहीत. पण नाला साफ करायला पंचायत आहे, पावसाळ्याआधी जेसीबी लावून ती करतेही. गावात कचऱ्याबद्दल ठरलेला शब्द म्हणजे ‘वाहून जाते’. वाहून गेलं म्हणजे संपलं. ते कुठे वाहून गेलं, हे विचारणारा एकही माणूस मला भेटला नव्हता. सरांशिवाय. त्यांनीच तर ते समासात लाल पेनाने विचारलं होतं. मी तो जुना कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, नावात समुद्र नसेल तर तुमच्याच प्रश्नाचं उत्तर अर्ध्यात तुटतं. त्यांनी मग राष्ट्रीय हरित सेनेच्या रजिस्टरमध्येच वेगळं पान घालून दिलं, म्हणजे नवीन फाइल नको, आणि शेरा मारला: “मंजूर. नाल्यात घोट्याएवढे पाणी असले तरी फेरी रद्द.”

पन्न्यांच्या आकड्याचा उपयोग त्यांनी स्वतःच शोधला. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे. त्यांनी खेळाच्या शिक्षकांचा तोच टेप घेतला आणि फाटकापासून पानठेल्यापर्यंत धरला. अंतर 60 मीटर भरलं. ठेला आता रपट्यापलीकडे गेला आहे. म्हणजे पन्न्या तिकडून पडतात, एवढंच. पुढच्या मार्चला मोजायचा तुकडा तिकडे वाढवावा की नाही यावर आठवीत वाद चालू आहे.

आणि गोळा केलेल्याचं काय करता, असाही तुमच्यातले काही जण विचारतात. बाटल्या भंगारवाला नेतो. पन्न्या आणि वेष्टनं कुणीच नेत नाही, जाळायची नाहीत हे ठरलेलं. सात पोती स्काउटच्या खोलीत आहेत, त्यांवर तारीख आणि नग लिहिलेले. हिंगणघाटला गाडी जाईल तेव्हा एकेक न्यायचं ठरलं होतं. आतापर्यंत दोन गेली.