पैठणीच्या फोटोंना ऑल्ट टेक्स्ट लिहिताना आलेला माझा अनुभव

भाऊजींचं येवल्यात पैठणीचं छोटं दुकान आहे, त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. फोटोंचं ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी कोडमध्ये लिहायचं वर्णन, मी दोन वर्षांपूर्वी एकदाच लिहून ठेवलेलं, प्रत्येक फोटोला तेच: "पैठणी साडी ऑनलाइन बेस्ट प्राइस प्युअर सिल्क येवला". गुगलला आवडेल म्हणून. मग एका ताईंचा फोन आला. त्यांना दिसत नाही, मोबाइलवर स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून साइट बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, पाच फोटोंवरून बोट फिरवलं, पाचही वेळा तीच जाहिरात ऐकली. पदर कुठला आणि काठ कुठला ते तरी सांगा."

त्या रात्री लॅपटॉपवर तसाच एक स्क्रीन रीडर, एनव्हीडीए, टाकला (फुकट आहे) आणि स्क्रीनकडे न बघता स्वतःचीच साइट ऐकली. दहा मिनिटांत डोकं उठलं. काही फोटोंना ऑल्टच नव्हतं, आणि फोटो लिंकमध्ये असल्यामुळे तिथे फाइलचं नाव नि आकडे वाचले जात होते. यादीच्या पानावर फोटो आणि साडीचं नाव एकाच लिंकमध्ये, म्हणून आधी जाहिरात आणि लगेच नाव, असं चाळीस वेळा.

सुरुवात एका जांभळ्या पैठणीपासून केली. आधी मी लिहिलं "जांभळ्या साडीचा सुंदर फोटो". पण चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो, मग "फोटो" कशाला, आणि "सुंदर" ऐकून डोळ्यासमोर काय येणार? भाऊजींना म्हटलं, फोनवर गिऱ्हाइकाला साडी कशी सांगता तशी सांगा. ते सुरू झाले, "जांभळं अंग, हिरवा काठ, पदरावर तीन बांगडी मोर, कडेनं मुनिया..." म्हटलं थांबा, हेच टाइप करतो.

```html
<img src="jambhali-paithani-padar.jpg" lang="mr"
alt="जांभळ्या पैठणीचा पदर: सोनेरी जरीवर तीन बांगडी मोर, कडेनं हिरव्या मुनिया">
```

लोक शोधतात तेही हेच शब्द, "बांगडी मोर पदर", "मुनिया काठ", म्हणजे ताईंसाठी एक आणि सर्चसाठी एक असं वेगळं लिहायची गरजच पडली नाही. बाकीच्या फोटोंत मात्र अख्खी साडी परत सांगायची नाही, त्या फोटोत नवीन काय दिसतं तेवढंच. काठाच्या क्लोजअपला काठ, ब्लाउज पीसला त्याचा रंग आणि बुट्टी आहे का नाही, आणि सिल्क मार्कच्या लेबलवर जे छापलंय ते जसंच्या तसं, कारण चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला आपोआप मिळतील याचा भरवसा नाही.

यादीच्या पानावर उलटं केलं, तिथे `alt=""` ठेवलं. नाव शेजारीच आहे, मग चित्र गप्प बसलेलं बरं. आता गुगलचं काय, ही भीती मलाही होती, पण तोच फोटो साडीच्या स्वतःच्या पानावर पूर्ण वर्णनासकट आहेच, शिवाय गुगल नुसतं ऑल्ट बघत नाही, आजूबाजूचा मजकूर आणि खुद्द चित्रही बघतं. फक्त ऑल्ट रिकामं ठेवणं आणि ऑल्ट अजिबातच न लिहिणं यात गल्लत करू नका, दुसऱ्यात फाइलचं नाव ऐकू येऊ शकतं.

त्या `lang="mr"` ची पण एक गंमत. आमच्या थीमनं अख्खं पान इंग्रजी म्हणून जाहीर केलेलं, त्यामुळे माझं मराठी वर्णन इंग्रजी आवाज वाचायला जायचा आणि काहीच कळायचं नाही. नंतर पूर्ण पानाचीच भाषा मराठी केली. "paithani" हे इंग्रजी स्पेलिंग शोधणारेही असतात, पण ते पानाच्या शीर्षकात एकदा घातलं, ऑल्टमध्ये कोंबलं नाही.

महिनाभरानं, लोक काय शोधतात ते दाखवणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये सर्च टाइप 'इमेज' करून बघितलं तर "मुनिया काठ पैठणी" सारखे शोध दिसायला लागलेत, आधी नुसतं "पैठणी" असायचं. ऑल्टमुळेच झालं असं छातीठोक सांगत नाही, त्याच आठवड्यात मी शीर्षकंही बदलली होती.

ताईंना परत ऐकायला लावलं. त्यांनी एकच चूक काढली, "मोरपंखी" आणि "रामा" जन्मापासून न दिसणाऱ्याला कळेलच असं नाही, शेजारी साधा रंग पण लिहा. त्या भाचीच्या लग्नासाठी घेत होत्या आणि बाकीचे बघणार म्हणून रंग त्यांना नीट हवाच होता. आता रोज रात्री भाऊजी साड्या उलगडून बोलतात, मी टाइप करतो. काल रामा कलरवर अडलो, ते हिरवा म्हणे, मी निळा. शेवटी लिहिलं "रामा, म्हणजे निळसर हिरवा".