मीटरमागे पडणारा खरा खर्च

“माग एकशे साठने चालतो, कामगाराला पिकावर मजुरी देतो. मग मीटरला विणाई नेमकी कितीला पडते?”

सूत आणि सायझिंग बाजूला ठेवू, फक्त विणाईचं बघू. साधा धोट्याचा माग, इंचाला 52 पीक म्हणजे आडवे धागे, 12 तासांची पाळी आणि एका कामगाराकडे 8 माग असं धरा. रुपयांचे आकडे हिशेबापुरते आहेत, तिथे तुमचे घाला.

मीटरमध्ये 39.37 इंच, म्हणजे एका मीटरला 2,047 पीक लागतात. माग मिनिटाला 160 पीक टाकतो, तासाला 9,600. न थांबता चालला तर तासाला 4.69 मीटर आणि पाळीला 56 मीटर कापड निघेल. 75 टक्के एफिशियन्सीने ते 42.2 मीटरवर येतं, आठ मागांचं मिळून साधारण 338.

160 हा आकडा मोटरच्या पुलीवरून काढलेला असेल तर तो विसरा. पट्टा सरकतो आणि माग कागदापेक्षा हळूच चालतो. टॅकोमीटर क्रँक शाफ्टला लावा, कारण त्याचा एक फेरा म्हणजे एक पीक. खालचा शाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, तिथे मोजलंत तर दुप्पट करा. पीकही मागावर ताणलेल्या कापडात मोजू नका. उतरवलेलं कापड आखडतं, त्यात पीक जास्त भरतात.

आता मजुरी. मीटरमागे पिकाला 3 पैसे दर असेल तर 52 पिकांचे 1 रुपया 56 पैसे. माग कितीही रखडला तरी हा आकडा हलत नाही, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. वीज, जॉबरचा वाटा, भाडं, सुटे भाग, कर्जाचं व्याज हे सगळं पाळीवर पडतं. (वीजसुद्धा, कारण माग थांबला तरी मोटर बऱ्याचदा फिरतच असते.) आठ मागांचा हा खर्च पाळीला 1,350 रुपये धरला, तर 338 मीटरवर तो मीटरला 4 रुपये बसतो. मजुरी धरून 5 रुपये 56 पैसे.

एफिशियन्सी 65 टक्क्यांवर आली की कापड 293 मीटरच निघतं. वरचा खर्च 4 रुपये 61 पैसे होतो, एकूण 6 रुपये 17 पैसे. जॉबवर्कचा दर पिकाला 11 पैसे असेल तर हातात येतात 5 रुपये 72 पैसे. म्हणजे 75 टक्क्यांना मीटरमागे 16 पैसे सुटत होते, तिथे आता 45 पैसे पदरचे जातात. कामगाराचंही पाळीला सत्तरेक रुपयांचं नुकसान होतं. मजुरी पिकावर न देता पाळीवर 527 रुपये ठरवली असेल, तर त्याचं नुकसान टळतं आणि तुमच्या खर्चात मीटरला आणखी 24 पैसे चढतात.

एफिशियन्सी जाते कुठे? कांडीपासून बघा. धोट्यातल्या कांडीवर 1,300 मीटर आडवं सूत आणि एका पिकाला 1.3 मीटर लागत असेल तर ती 1,000 पिकांत, म्हणजे सव्वासहा मिनिटांत संपते. बदलायला, कामगाराची वाट बघण्यासकट, 30 सेकंद गेले तरी सात टक्के तिथेच गेले. मिनिट गेलं तर चौदा. आठ मागांवर दर 50 सेकंदांनी कुठली ना कुठली कांडी संपत असते, आणि तुटलेले उभे धागे जोडायचे ते मधल्या वेळात. म्हणून माग वाढवून मजुरी वाचवण्याआधी तुटार मोजा. एका मागाला तासाला किती धागे तुटतात ते दोन-तीन दिवस पाटीवर लिहिलं तरी पुरे. तुटार जास्त असेल तर दोष सायझिंगमध्ये, सुतात किंवा फणीत शोधा, कामगाराला बोलून काही होत नाही.

वेग वाढवायचा मोह आवरा. 160 चे 176 केले आणि तुटारीने एफिशियन्सी 75 वरून 68 वर आली, तर दोन्हीकडे मिनिटाला प्रत्यक्ष पडणारे पीक 120 च. कापड तेवढंच, पिकर आणि पट्टे मात्र लवकर जातात.

वीज गेलेला वेळ वजा करून एफिशियन्सी काढायची पद्धत आहे. कामगाराचं काम जोखायला ती ठीक. खर्चासाठी मात्र पूर्ण 12 तासच धरा, भाडं आणि व्याज अंधारातही चालू असतं. मीटरही मागावरचे नकोत, मेंडिंग होऊन घडीत बसलेले घ्या. शंभरातले दोन मीटर बाद झाले तर 5.56 चा खर्च 5.67 होतो. बाद मालाचे काही आले तर वेगळे, पण त्या 16 पैशांतले उरतात 5.