शिरोरेखेजवळची पांढरी रेघ

«दादा, ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला, पण जुन्या २१ इंची टीव्हीवर बातम्या यापेक्षा स्वच्छ दिसायच्या. Sharpness पूर्ण वाढवून पाहिला, तरी चेहरे पुसटच. टीव्हीच खराब आला का?»

बहुतेक वेळा टीव्ही चांगलाच असतो. मी टीव्ही दुरुस्तीचं काम करतो आणि या तक्रारीसाठी ज्या घरांत जातो, तिथे पॅनेलमध्ये दोष क्वचितच सापडतो. दोष असतो तो पॅनेलपर्यंत काय पोचतंय त्यात आणि पोचल्यावर त्याचं काय केलं जातंय त्यात. मागच्या महिन्यातलं एक घर सांगतो. वहिनींनी बातम्यांचं चॅनल लावून ठेवलं होतं आणि खालच्या पट्टीतली अक्षरं दाखवत म्हणाल्या, «हे बघा, शिरोरेखा नीट दिसतच नाही.» त्यांनी बोट ठेवलं ती जागा अगदी नेमकी होती.

साधं चॅनल, म्हणजे एसडी, आडव्या ओळीत जास्तीत जास्त ७२० ठिपके देतं आणि उभ्या दिशेने ५७६. जुन्या २१ इंची टीव्हीची काच साधारण ४० सेंटीमीटर रुंद होती, त्यामुळे एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बसायचा. ५५ इंची टीव्ही १२२ सेंटीमीटर रुंद. तेच ७२० ठिपके आता एवढ्या रुंदीवर पसरायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ १.७ मिलिमीटर आले. चांगल्या नजरेला दहा फुटांवरून साधारण ०.९ मिलिमीटरपर्यंतचे तपशील वेगळे कळतात. जुन्या टीव्हीवर ठिपके त्याहून बारीक होते, म्हणून चित्र सलग आणि रेखीव वाटायचं. नव्यावर ते या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहेत. एसडी चॅनलचे ठिपके वेगळे कळू नयेत म्हणून या टीव्हीपासून एकोणीस फूट लांब बसावं लागेल. आपल्या बैठकीच्या खोल्या एवढ्या लांब कुठे असतात?

प्रत्यक्षात तुम्हाला मोठे चौकोनी ठिपके दिसत नाहीत, धूसरपणा दिसतो. याचं कारण स्केलिंग. फोर-के पॅनेलवर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात आणि ते सगळे भरावेच लागतात. एसडी चित्रातल्या एका ठिपक्यामागे पॅनेलवर बरोबर वीस जागा असतात. एकीत खरी माहिती आहे असं धरलं, तर उरलेल्या एकोणीस टीव्हीला शेजाऱ्यांवरून अंदाजाने भराव्या लागतात. काळ्याच्या शेजारी पांढरा असेल, तर मधे करड्याच्या छटा येतात. म्हणून जी कड एका ठिपक्यात संपायची, ती आता चार-पाच ठिपक्यांत उतरत जाते. टीव्हीतली चिप चांगली असेल तर हा अंदाज बरा निघतो. पण कॅमेऱ्याने टिपलेला आणि प्रसारणात गळून गेलेला डोळ्याच्या पापणीचा केस कुठलीही चिप परत आणू शकत नाही. एचडी चॅनलची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९२० गुणिले १०८० ठिपके येतात, म्हणजे एका ठिपक्यामागे चारच जागा, आणि ५५ इंचावर एक ठिपका ०.६ मिलिमीटरच्या आसपास. दहा फुटांवरून ते डोळ्याला स्वच्छच दिसतं.

वहिनींच्या घरी एचडीचा सेट-टॉप बॉक्स होता आणि एचडी पॅकचे पैसेही जात होते. तरीही चित्र पुसट, म्हणून मी टीव्ही भिंतीपासून थोडा ओढून मागे पाहिलं. पिवळी, लाल आणि पांढरी पिन! जुन्या टीव्हीची एव्ही केबल तशीच नव्याला लावून दिली होती. पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. बॉक्सपर्यंत एचडी चित्र येत होतं, तो ते एसडी करून पाठवत होता आणि टीव्ही पुन्हा ते फुगवत होता. त्यातच पिवळ्या तारेत उजेड आणि रंग एकत्र जातात, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडांवर ठिपके सरकताना दिसतात. एचडीएमआय केबल लावली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट 1080i केलं आणि त्याच चॅनलचा एचडी क्रमांक लावला. हा क्रमांक वेगळा असतो, आणि वर्षानुवर्षं सवयीने जुनाच दाबला जातो.

तरी पट्टीतली शेवटची ओळ खालून थोडी कापली जात होती. हा ओव्हरस्कॅन. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड ढकलत. ती सवय नव्या टीव्हींतही राहिली आहे. चित्र चार-पाच टक्क्यांनी फुगवलं की एका ठिपक्याला बरोबर दोन बाय दोन जागा मिळत नाहीत. सगळी ओळ वेडीवाकडी बसते आणि बारीक रेघा विरघळतात. एलजीमध्ये Just Scan, सोनीमध्ये Full Pixel, सॅमसंगमध्ये Fit to Screen अशा नावांनी हे बंद होतं. वहिनींचा टीव्ही या तिघांपैकी नव्हता, पण चित्राच्या आकाराच्या मेनूत तशीच सोय सापडली. कापलेली ओळ पूर्ण दिसू लागली आणि अक्षरंही ताठ झाली.

आता Sharpness. त्याचा आकडा वाढवला की तपशील वाढतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात टीव्ही फक्त कडा शोधतो आणि तिथला फरक वाढवतो. समजा एका ओळीत उजेडाचे आकडे १००, १००, १५०, २००, २०० असे आहेत. प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा जितका वेगळा, तितकाच आणखी ढकलला, तर ते १००, ७५, १५०, २२५, २०० होतात. कडेच्या अंधाऱ्या बाजूला एक काळी रेघ उमटली आणि उजळ बाजूला एक पांढरी. या दोन्ही रेघा कॅमेऱ्याने कधीच टिपल्या नव्हत्या. लांबून त्या डोळ्याला «कड रेखीव आहे» असं भासवतात, पण जवळून पाहिलं तर पट्टीतल्या काळ्या शिरोरेखेच्या वर आणि खाली पांढरी सावली दिसते. एसडी चॅनलवर तर प्रसारणासाठी चित्र दाबून लहान करताना पडलेले चौकोन आणि अक्षरांभोवती थरथरणारे बारीक ठिपकेही टीव्हीला कडच वाटतात, म्हणून तेही वाढतात. वहिनींना पुसट चेहऱ्यांवर जो खरखरीतपणा दिसत होता, तो इथूनच आला होता.

हा आकडा ठरवायला बॉक्सचा मेनू उघडा. त्यातली अक्षरं बॉक्स स्वतः काढतो, त्यामुळे ती प्रसारणात बिघडलेली नसतात. Sharpness शेवटपर्यंत नेऊन टीव्हीजवळ उभे राहा आणि अक्षरांच्या कडेची पांढरी सावली ओळखा. मग आकडा एकेक खाली आणत ती नाहीशी होईल तिथे थांबा. सरळ शून्य करू नका. काही टीव्हींत शून्य म्हणजे «काही करू नका», तर काहींत शून्यावर चित्र मुद्दाम मऊ केलं जातं. कित्येक सोनी टीव्हींत ५० हा तटस्थ आकडा आहे. आणि हे सगळं Vivid मोडमध्ये करत बसू नका. त्यात Sharpness मुळातच चढवलेला असतो. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय जोडणीचं सेटिंग वेगळं राहतं, म्हणून बॉक्ससाठी लावलेलं स्ट्रीमिंग स्टिकसाठी लागू होईलच असं नाही.

वहिनींच्या टीव्हीवर सावली १२ वर गेली. आधी आकडा ८० वर होता. बातम्यांचं एचडी चॅनल आता दहा फुटांवरून स्वच्छ दिसतं. त्यांची एक आवडती मालिका मात्र ज्या चॅनलवर येते त्याचं एचडी नाही, आणि ती पुसटच राहणार हे मी त्यांना तिथेच सांगून आलो. ती लागली की त्या खुर्ची मागे भिंतीपर्यंत सरकवतात. तेवढ्याने दोन फूट मिळतात, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फरक कळतो.