मुदत ३१ मार्चची, नोटीस ३० जानेवारीची

२८ जानेवारी २०२५, मंगळवार. कर्वे रोडवरच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात बजेटचं काम चालू होतं आणि सरांना वर्षभराच्या करारांचा एकूण खर्च हवा होता. आधीच्या मॅडमनी एक्सेलमध्ये केलेलं करारांचं रजिस्टर होतं, पण त्यात ‘रक्कम’ या एकाच रकान्यात कुठे महिन्याचा आकडा होता, कुठे वर्षाचा. खालची बेरीज अर्थातच बिनकामाची.

मी ‘वर्षात किती वेळा’ असा रकाना घातला आणि गुणाकार केला. झेरॉक्स मशीनचं भाडं आतापर्यंत ४,२०० असं बिचारं दिसत होतं. ते ५०,४०० झालं आणि ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या खालोखाल येऊन बसलं. (जीएसटी मी वेगळ्या रकान्यात ठेवते. आम्हाला त्याचा क्रेडिट मिळतो, तो धरून बेरीज केली तर खर्च उगाच फुगतो.) सर म्हणाले, “आता प्रिंट काढतो कोण एवढ्या? मार्चनंतर बंद करा.”

रजिस्टरमध्ये मुदत ३१ मार्च. म्हणजे दोन महिने हातात, असं कुणालाही वाटेल. तरी मी फाइलमधून मूळ करार काढला. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात: मुदतीच्या किमान ६० दिवस आधी लेखी नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचली नाही, तर करार आपोआप एक वर्षाने वाढेल.

मी दोन सूत्रं शेजारी शेजारी टाकली, D2 मध्ये मुदत:

```
=EDATE(D2,-2)
=D2-60
```

पहिल्याने ३१ जानेवारी दिलं, दुसऱ्याने ३०. फेब्रुवारी २८ दिवसांचा, त्यामुळे दोन महिने म्हणजे ५९च दिवस भरतात. करारात ‘दिवस’ असेल तर दिवसच वजा करायचे. शिवाय शब्द होता ‘पोचली’, ‘पाठवली’ नव्हे. आज स्पीड पोस्ट केलं आणि ते शुक्रवारी पोचलं, तर ५०,४०० आणखी वर्षभर गळ्यात.

बिलावर पत्ता शिवाजीनगरचा होता, करारात भोसरीचा. नोटिशीच्या दोन प्रती काढल्या, सरांची सही घेतली आणि दुपारी आमच्या शिपाईकाकांना भोसरीला पिटाळलं. “काका, शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय परत यायचं नाही हं.” तिथल्या माणसाने आधी “मेल करा ना” म्हणून बघितलं. काका हलले नाहीत. साडेपाचला पोच हातात आली, तारीख २८.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीच्या सेल्समनचा फोन. भाडं २,८०० करतो म्हणाला. सरांनी ठेवून घेतलं मशीन, पण ‘आपोआप वाढेल’ हे कलम खोडून, दोन्हीकडच्या सह्यांनिशी. आता रजिस्टर मी मुदतीनुसार नाही, नोटिशीच्या शेवटच्या तारखेनुसार लावते आणि त्याच्या पंधरा दिवस आधीची तारीख सरांच्या कॅलेंडरमध्ये टाकते.