मुळं सारखी आली की t कुठून येतो?

"सर, डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना e^(mt) धरून बघायचं, बसलं तर तेच उत्तर. मुळं सारखी आली तर पुढे t लावायचा. हे गणित आहे की अंदाज?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. जुळे सोलापुरात माझ्याकडे इंजिनिअरिंगची मुलं शिकायला येतात. त्यातली डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं हे हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवं. परीक्षेत नियम पाठ असला तरी भागतं, पण तो t कुठून आला हे एकदा दिसलं की अख्खा धडा आपला होतो.

एक दार घेऊ. दोन्ही बाजूंना उघडणारं, स्प्रिंग आणि तेलाचा डँपर असलेलं, हॉलला असतं तसं. y म्हणजे t या वेळेला दार किती उघडं आहे. स्प्रिंग दाराला मध्याकडे ओढते, तेल त्याचा वेग रोखतं. खऱ्या डँपरचा हिशोब इतका सरळ नसतो, पण आपल्या दाराचं समीकरण असं धरू:

y'' + 4y' + 4y = 0

आता हे समीकरण काय मागतंय ते बघा. y, त्याचा डेरिव्हेटिव्ह आणि त्याचाही डेरिव्हेटिव्ह ठरावीक पटीत घेतले तर बेरीज प्रत्येक क्षणी शून्य व्हायला हवी. तिन्हींचा आकार वेगवेगळा असेल तर ते एकमेकांना सतत कसे काय खोडणार? t² घेतलात तर 2t आणि 2 मिळतात. एखाद्या क्षणी जमलं तरी पुढच्या क्षणी बिघडेल. e^(mt) चा डेरिव्हेटिव्ह मात्र m·e^(mt), म्हणजे तोच आकार, फक्त m पट. समीकरणात घातला की e^(mt) सगळीकडून सामाईक बाहेर येतो. तो कधीच शून्य होत नाही, म्हणून उरतं m² + 4m + 4 = 0. यालाच आपण ऑक्झिलरी इक्वेशन म्हणतो. डेरिव्हेटिव्हचं गणित वर्गसमीकरणावर आलं. ऑयलरनं १७३९ साली योहान बर्नोलीला लिहिलेल्या पत्रात ही रीत सांगितली आणि १७४३ मध्ये ती छापून आली.

आपल्या वर्गसमीकरणाची मुळं -2 आणि -2. इथे बरीच मुलं A·e^(-2t) + B·e^(-2t) लिहून मोकळी होतात. दोन अक्षरं दिसतात म्हणून दोन स्थिरांक आहेत असं वाटतं, पण (A+B) हा एकच आकडा आहे. चूक पकडायची असेल तर दाराकडे जा. दार y = 1 पर्यंत उघडून धरलं आणि अलगद सोडलं, म्हणजे सुरुवातीला y = 1 आणि y' = 0. पहिली अट म्हणते A+B = 1, दुसरी म्हणते -2(A+B) = 0. दोन्ही एकदम खरं होणं शक्य नाही. नुसतं e^(-2t) घेतलं तर दार सोडल्या क्षणीच त्याला -2 वेग असतो, म्हणजे कोणीतरी ढकललेलं दार. आपण तर ढकललेलं नाही.

मग दुसरं उत्तर शोधायचं कुठे? मी मुलांना सांगतो, मुळं किंचित वेगळी करून बघा. -2 आणि -2.01 घ्या. समीकरण होतं y'' + 4.01y' + 4.02y = 0. दार जवळपास तेच आहे, पण आता मुळं दोन आहेत आणि नेहमीची रीत चालते. त्याच दोन अटी घातल्या की उत्तर येतं:

y = 201·e^(-2t) - 200·e^(-2.01t)

हे आकडे बघून मुलं दचकतात. जेमतेम 1 इतकं उघडलेलं दार, त्यात 201 आणि 200 कुठून आले? t = 1 ठेवलं तर पहिलं पद साधारण 27.20, दुसरं 26.80, आणि वजाबाकी 0.40. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांच्या फरकात खरं उत्तर दडलेलं आहे. कॅल्क्युलेटरवर e^(-2) ला 0.14 आणि e^(-2.01) ला 0.13 असं घाईनं दोन दशांशांत कापलंत तर उत्तर 2.14 येईल, म्हणजे सोडलेलं दार आपोआप दुपटीहून जास्त उघडलं! असं दिसलं की समजायचं, आकडे मधेच कापले गेलेत.

आता तेच उत्तर जरा वेगळं मांडू:

y = e^(-2t) + 2·[e^(-2t) - e^(-2.01t)] / 0.01

कंसाकडे आणि खालच्या 0.01 कडे नीट बघा. m थोडासा बदलला तर e^(mt) किती बदलतो, भागिले m मधला बदल. ही तर डेरिव्हेटिव्हची व्याख्या आहे, फक्त t ऐवजी m च्या बाबतीत! मुळं जवळ आणत गेलो की हा भागाकार m = -2 पाशी e^(mt) च्या m बाबतच्या डेरिव्हेटिव्हकडे जातो, आणि तो आहे t·e^(mt). तो t इथून आला, बाहेरून कोणी चिकटवलेला नाही. आपल्या दाराचं उत्तर मिळतं y = (1 + 2t)·e^(-2t). सुरुवातीचा वेग शून्य, एका सेकंदानं 0.41 उरतं, तीन सेकंदांनी 0.02 पेक्षाही कमी.

"पण याशिवाय तिसरं उत्तर नसेल कशावरून?" असं एखादी हुशार मुलगी विचारतेच. त्यासाठी समीकरणाचे अवयव पाडायचे. u = y' + 2y म्हणा, मग मूळ समीकरण होतं u' + 2u = 0, म्हणून u = c·e^(-2t). उरलं y' + 2y = c·e^(-2t). दोन्ही बाजूंना e^(2t) नं गुणलं की डावीकडे (e^(2t)·y)' तयार होतं आणि उजवीकडे नुसता c. इंटिग्रेट केलं की e^(2t)·y = ct + d. यात कुठेही काही धरून बघितलेलं नाही, म्हणून सगळी उत्तरं यात आली. माझ्या मते ही मांडणी वर्गात आधी यायला हवी आणि e^(mt) ची युक्ती नंतर, म्हणजे 'अंदाज' हा शब्दच कोणाच्या तोंडी येणार नाही.

डँपरचा स्क्रू आवळला आणि 4y' च्या जागी 5y' झालं तर मुळं -1 आणि -4 येतात. विरोध वाढला आणि दार उलट रेंगाळतं, कारण -1 वालं पद उशिरा विझतं. स्क्रू ढिला करून 2y' केलं तर मुळं -1 ± i√3 होतात, उत्तरात साइन-कोसाइन येतात आणि दार मध्य ओलांडून पलीकडे जातं.

या सगळ्याला सहगुणक स्थिर असावे लागतात. y'' + ty = 0 मध्ये e^(mt) घालून बघा. m² + t = 0 येतं, म्हणजे m दर क्षणी बदलायला लागतो, आणि m स्थिर धरूनच तर आपण डेरिव्हेटिव्ह काढला होता. तिथे ही रीत थांबते, आणि t च्या घातांची मालिका मांडून उत्तर शोधावं लागतं.