एसओआर नोंदवही: ओमेगा मोजून काढताना

काम या टप्प्यावर आहे: चौरसावर लाप्लास समीकरण, कडांवरच्या किमती ठरलेल्या, बाजूचे ५० भाग, म्हणजे आत ४९ × ४९ बिंदू. सक्सेसिव्ह ओव्हर-रिलॅक्सेशनची, म्हणजे एसओआरची, मूळ फेरी दोन ओळींची आहे आणि ती बरोबर चालते.

```
d = (u[i-1][j] + u[i+1][j] + u[i][j-1] + u[i][j+1])/4 - u[i][j]
u[i][j] += w*d
```

`w` म्हणजे ω. तो १ ठेवला की ही गाउस-सायडेल पद्धत होते. आता प्रश्न ω किती घ्यायचा एवढाच.

या चौरसासाठी उत्तर आधीच माहीत आहे, आणि मोजणी तपासायला तेच सोयीचं. याकोबी पद्धतीचा स्पेक्ट्रल रेडियस μ = cos(π/५०) = ०.९९८०३. डेव्हिड यंगच्या १९५० च्या प्रबंधातलं सूत्र वापरलं तर

```
w = 2/(1 + sqrt(1 - mu^2))
```

यातून ω = १.८८१८ येतो. या ω ला दर फेरीनंतर चूक आधीच्या साधारण ω − १ पट, म्हणजे ०.८८१८ पट उरते. चूक दहा लाखांश व्हायला गाउस-सायडेलला सुमारे ३५०० फेऱ्या लागतात, तर एसओआरला कागदावर ११०.

हा ω जरा चुकला तर? इथे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. १.८५ घेतला तर ११० च्या २३२ फेऱ्या होतात. तितकाच वर सरकून १.९१ घेतला तर १४६ वर भागतं. दर फेरीनंतर चूक किती पट उरते याचा ω नुसार आलेख काढला, तर खालच्या बाजूने बेस्टपर्यंत येणारा भाग शेवटी जवळजवळ उभा आहे, वरच्या बाजूचा मात्र साधी सरळ रेषा. म्हणून शंका असेल तेव्हा ω थोडा वर ठेवावा. पण २ गाठायचा नाही, तिथे अभिसरण संपतं.

क्षेत्र वाकडंतिकडं असेल तर cos चं सूत्र हाताशी नसतं आणि μ मोजावा लागतो. सरधोपट उपाय असा: ω = १ ने फेऱ्या चालवायच्या, दर फेरीतल्या एकूण बदलाचा मागच्या फेरीतल्या बदलाशी भागाकार λ पाहायचा आणि μ² = λ धरायचं. अडचण अशी की हा भागाकार फार सावकाश स्थिरावतो. आपल्या चौरसात पहिल्या आयगेनव्हॅल्यूचं मूल्य ०.९९६१ आणि दुसरीचं ०.९९०२ आहे. पहिलीच्या तुलनेत दुसरीचा वाटा शंभरांश व्हायला ७७५ च्या आसपास फेऱ्या लागतात. तेवढ्यात खरं काम उरकलं असतं. घाई करून ०.९९२ वरच थांबलं तर ω = १.८३६ येतो आणि ११० च्या जागी २६८ फेऱ्या लागतात. लवकर थांबल्याची चूक सहसा खालच्या, म्हणजे महागड्या बाजूला नेते.

त्यापेक्षा ω = १.७ ने सुरुवात करावी. आता पहिल्या दोन आयगेनव्हॅल्यू ०.९७७१ आणि ०.९४०७ अशा बऱ्याच लांब गेलेल्या असतात, त्यामुळे तेवढीच अचूकता सुमारे १२० फेऱ्यांत मिळते. शिवाय या फेऱ्या वाया जात नाहीत, उत्तर तोवर बरंच पुढे आलेलं असतं. मग

```
mu = (lam + w0 - 1)/(w0*sqrt(lam))
```

इथे `w0` = १.७, `lam` = ०.९७७१४ टाकलं की μ = ०.९९८०३ परत मिळतो. पुढे वरच्या सूत्रात घालून ω बदलायचा.

सुरुवातीचा ω बेस्टपेक्षा मोठा पडला तर ते ओळखता येतं. सगळ्याच आयगेनव्हॅल्यूंचं परिमाण ω − १ होतं आणि त्या संमिश्र होतात. भागाकार मग एका आकड्यावर बसतच नाही, ω − १ च्या आसपास हेलकावे खात राहतो. अशा वेळी सरासरी काढत बसू नये. ω उतरवून पुन्हा मोजावं.

हे सूत्र पाच बिंदूंच्या स्टेन्सिलवर, ओळीने किंवा लाल-काळ्या क्रमाने फिरताना लागू पडतं. क्षेत्राचा आकार कसाही चालतो. नऊ बिंदूंच्या स्टेन्सिलला मात्र ते जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे आलेला ω हा फक्त आरंभबिंदू समजायचा आणि आजूबाजूला दोनचार किमती चालवून पाहायच्या.

बेस्ट ω वर आणखी एक गंमत दिसते. तिथे दोन आयगेनव्हॅल्यू एकमेकींत मिसळतात, त्यामुळे चूक ०.८८१८ च्या घातांकाप्रमाणे न घटता त्याला फेरीच्या क्रमांकाने गुणल्यासारखी घटते. पहिल्या आठदहा फेऱ्यांत ती वाढलेलीही दिसू शकते, ω बिघडला असं समजून तो बदलायला जाऊ नये. कागदावरच्या ११० फेऱ्यांच्या प्रत्यक्षात १५० च्या घरात होतात, तेही याच कारणाने.