उणे सहाच्या डावीकडे

बुधवार, रात्री

आज अकरावीच्या बॅचला करणी चिन्ह असलेल्या असमानता घेतल्या. फळ्यावर मुद्दाम जुळी भावंडं वाटावीत अशी दोन गणितं एकाखाली एक लिहिली:

√(x + 6) > x

∛(x + 6) > x

करणीच्या आतली पदावली तीच, उजवी बाजूही तीच. फरक काय तो चिन्हाच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा 3 चा. पहिल्या गणितात निम्म्या वर्गाने थेट दोन्ही बाजूंचा वर्ग केला. दुसऱ्यात एका मुलीने आधी x + 6 ≥ 0 लिहून त्याला चौकट केली आणि मग घन करायला घेतला. मी तिच्या वहीवर बोट ठेवलं तर म्हणाली, "सर, करणी दिसली की आधी अट लिहा, असं तुम्हीच सांगता ना?" सांगतो खरा, पण वर्गमूळासाठी. तास संपला म्हणून विषय अर्धा राहिला. उद्या फळ्यावर नीट मांडायचा आहे, तेव्हा इथे सविस्तर लिहून ठेवतो.

आधी पहिलं गणित. वर्ग केला की x + 6 > x², म्हणजे x² − x − 6 < 0, अवयव (x − 3)(x + 2) < 0, म्हणून −2 < x < 3. बऱ्याच वह्यांत हेच उत्तर होतं. आता x = −5 घालून बघा. डावीकडे √1, म्हणजे 1. उजवीकडे −5. एक हा उणे पाचपेक्षा मोठाच आहे, तरी −5 त्या उत्तरात नाही. वर्ग केल्यावर मात्र 1 > 25 असं दिसतं आणि बिचारा −5 बाद होतो. खरं तर x ऋण असेल तर इथे काही करायचंच नसतं. वर्गमूळ कधी ऋण नसतं, त्यामुळे ते ऋण संख्येपेक्षा मोठं असणारच. फक्त ते अस्तित्वात असायला हवं, म्हणजे x ≥ −6 हवा. म्हणून −6 पासून 0 पर्यंतचा सगळा पट्टा फुकटात मिळतो. x ≥ 0 असताना दोन्ही बाजू ऋण नाहीत, तेव्हा निर्धास्त वर्ग करायचा आणि 0 ≤ x < 3 मिळवायचं. एकूण उत्तर −6 ≤ x < 3.

चिन्ह उलटं असतं, √(x + 6) < x, तर नुसता वर्ग करून x < −2 किंवा x > 3 आलं असतं. त्यातला x < −2 हा तुकडा साफ खोटा आहे, कारण वर्गमूळ ऋण संख्येपेक्षा लहान कसं असेल? खरं उत्तर फक्त x > 3. म्हणजे एकदा वर्ग करण्याने खरी उत्तरं गळतात आणि एकदा खोटी घुसतात. कुठल्या वेळी काय होईल ते चिन्हाच्या दिशेवर आणि उजव्या बाजूच्या धन-ऋणावर ठरतं. यासाठी नियम पाठ करणारी मुलं परीक्षेत हमखास अडकतात.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. क्रम वर्गमूळ मोडत नाही. 4 < 9 आणि √4 < √9. वर्गमूळ जिथे आहे तिथे ते वाढतंच फल आहे. मोडतो तो वर्ग. असमानता सोडवताना आपण करणी काढून टाकायला वर्ग करतो आणि पाय तिथे घसरतो. −5 < 1, पण 25 > 1. वर्ग करणं म्हणजे संख्यारेषेची शून्यापाशी घडी घालून डावी बाजू उजवीवर पालथी घालणं. वर्गमूळाच्या दोन्ही कटकटी या एकाच घडीतून येतात. डावीकडे कुणी उरलंच नाही म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही; आणि उजवीकडे प्रत्येक जागी दोघंजण येऊन बसले म्हणून मूळ घेताना त्यांतला एक निवडावा लागतो, आणि आपण ऋण नसलेला निवडतो. x² < 9 वरून x < 3 एवढंच लिहून चालत नाही, |x| < 3 लिहावं लागतं, तेही याचमुळे.

घनाला घडी नाही. हे मुलांना "आलेख बघा, सतत वर जातो" म्हणून पटतं, पण माझं तेवढ्याने समाधान होत नाही. अवयव पाडले की कारण उघडं पडतं:

y² − x² = (y − x)(y + x)

y³ − x³ = (y − x)(y² + xy + x²)

y हा x पेक्षा मोठा आहे, म्हणजे पहिला कंस दोन्हीकडे धन. सगळा खेळ दुसऱ्या कंसाचा. वर्गात तिथे y + x आहे, जो ऋणही होतो, शून्यही होतो. घनात तिथे y² + xy + x² आहे. मधलं xy ऋण होऊ शकतं म्हणून मुलांना शंका येते, पण पूर्ण वर्ग केला की

y² + xy + x² = (y + x/2)² + 3x²/4

दोन वर्गांची बेरीज. ती शून्य व्हायची तर x आणि y दोघंही शून्य हवेत, आणि तसं असेल तर y > x कसलं? म्हणून कंस नेहमी धन. x आणि y धन असोत, ऋण असोत, एक इकडे एक तिकडे असो, y > x आणि y³ > x³ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. घन करताना अट नाही, घनमूळ घेतानाही नाही.

काही पुस्तकी उत्तरांत "अवकलज 3x² धन आहे, म्हणून फल वाढतं" असं एका ओळीत उरकलेलं असतं. शून्यावर तो अवकलज शून्य आहे, त्यामुळे ते वाक्य जसंच्या तसं खरं नाही. शून्य हा एकटाच बिंदू असल्याने निष्कर्षाला धक्का लागत नाही, पण ते सांगायला हवं. अवयवांच्या वाटेत ही भानगडच नाही. आणि पाचवं मूळ, सातवं मूळ आलं तर दर वेळी अवयव पाडत बसायची गरज नाही. दोन्ही संख्या ऋण असल्या तर −1 ने गुणायचं, चिन्ह उलटतं. आता दोघी धन, विषम घात घ्यायचा. घात विषम असल्याने उणे चिन्ह अलगद बाहेर येतं, ते काढून टाकताना असमानता पुन्हा उलटते. दोनदा उलटलं म्हणजे मूळ जागी आलं. एक ऋण आणि एक धन असेल तर घातांची चिन्हंही तशीच राहतात, तिथे सिद्ध करण्यासारखं काही नाही. सम घातात उणे चिन्ह गिळलं जातं, दुसरं उलटणं होतच नाही.

राहिला प्रांताचा प्रश्न. x हवा तेवढा मोठा घेतला तर x³ हवा तेवढा मोठा होतो, ऋण बाजूलाही तसाच खोल जातो, आणि मध्ये कुठे आलेख तुटत नाही. म्हणून प्रत्येक वास्तव संख्या कुणाचा तरी घन आहेच, आणि क्रम टिकतो म्हणून एकाचाच. प्रांतावर अट नाही म्हणतात ती एवढ्यासाठी.

आता दुसरं गणित. x + 6 > x³, म्हणजे x³ − x − 6 < 0. x = 2 घातला की शून्य येतं, म्हणून (x − 2)(x² + 2x + 3) < 0. दुसरा कंस (x + 1)² + 2, नेहमी धन. उत्तर x < 2. बस्स. त्या मुलीच्या चौकटीसकट उत्तर −6 ≤ x < 2 येतं आणि −6 च्या डावीकडची सगळी अनंत रेषा कापली जाते. x = −14 घ्या: आत −8, घनमूळ −2, आणि −2 हा −14 पेक्षा मोठा. उत्तरात हवाच.

उद्या कुणीतरी विचारेलच की घन करताना कधीच खोटी उत्तरं येत नाहीत का. नुसत्या घनाने येत नाहीत. पण हे समीकरण बघा:

∛(1 − x) + ∛(1 + x) = −1

घन करायचा, (a + b)³ = a³ + b³ + 3ab(a + b) वापरायचं आणि a + b च्या जागी −1 ठेवायचं, ही नेहमीची रीत. 2 − 3∛(1 − x²) = −1, म्हणून ∛(1 − x²) = 1, म्हणून x = 0. मूळ समीकरणात घातलं तर 1 + 1 = −1! घन बिचारा निर्दोष आहे. खोटेपणा शिरला तो a + b च्या जागी −1 ठेवताना, कारण त्या पायरीवरून उलट चालत मागे येता येत नाही. a + b + c = 0 असेल तर a³ + b³ + c³ = 3abc, पण a = b = c असतानाही तेच खरं असतं, आणि इथे x = 0 ला a, b, c तिघंही 1 आहेत. (c म्हणजे उजवीकडचा −1 डावीकडे आणून झालेला 1.) दोन घनमुळांची बेरीज असली आणि हे बदलणं केलं की ताळा घ्यायचाच.

आणखी एक, कॉम्प्युटरवर ताळा घेणाऱ्या पोरांसाठी. पायथनमध्ये

```
(-8) ** (1/3)
```

लिहिलं की −2 येत नाही, साधारण 1 + 1.732i अशी संमिश्र संख्या येते. तीही −8 चं घनमूळच आहे, पण यंत्राने 1/3 हा घातांक मानला, विषम मूळ नव्हे. संमिश्र संख्यांत लहान-मोठं नसतं, त्यामुळे > लावलं की पायथन त्रुटी दाखवून थांबतो. −2 हवं असेल तर 3.11 पासून math.cbrt(-8) आहे. पाठ्यपुस्तकं परिमेय घातांकासाठी पाया धन घ्यायला सांगतात त्यामागेही हेच आहे: 1/3 आणि 2/6 एकच, पण −8 चा आधी वर्ग करून 64 चं सहावं मूळ काढलं तर 2 येतं, −2 नाही. सम घात मध्ये आला की घडी पडलीच. म्हणून उद्या फळ्यावर ∛ चं चिन्हच लिहायचं, घातांकात 1/3 लिहायचा नाही.